अंतिम रेकॉर्डिंग

कंपनीच्या पोर्टलवर सूचना पाचच होत्या. उमेदवाराने साठ सेकंदांत स्वतःची ओळख करून द्यावी. चेहरा पडद्यावरच्या अंडाकृती रेषेच्या आत असावा. रेकॉर्डिंग पोर्टलवरच व्हावे, आधी काढून ठेवलेला व्हिडिओ चालणार नाही. मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत, प्रयत्न तीन. उमेदवाराचे अंतिम रेकॉर्डिंग कंपनीकडे जाईल.

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक म्हणून काम केलेल्या माणसाने त्या सूचना छापून घेतल्या आणि नव्या उपकरणाचे माहितीपत्रक वाचावे तशा, हातात पेन्सिल धरून, दोनदा वाचल्या. चार सूचनांखाली त्याने रेघ मारली. पाचवी त्याला पुरेशी स्पष्ट वाटली, म्हणून तिच्याखाली मारली नाही.

उमेदवार म्हणजे त्याची धाकटी मुलगी. ती त्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. घरी आणि वर्गात सगळे तिला बारकी म्हणत आणि तिलाही तेच सोयीचे होते, कारण बारकी हा शब्द तिच्या तोंडून विनासायास निघे. खरे नाव निघत नसे. ती बोलताना अडत असे. पण इतर ठिकाणी अडली की शब्द बदलून वाट काढी. नावाला दुसरा शब्द नसतो. त्याचे पहिले अक्षर घशाच्या तळाशी रुतून बसे, मान ताठ होई, डोळे मिटत, आणि समोरचा माणूस बहुधा त्याच क्षणी मदत म्हणून हसत असे.

नाव बदलून घ्यावे, असे तिच्या आईने एकदा सुचवले होते. त्यावर बाबांनी शांतपणे सांगितले होते, की अडथळा अक्षरात नसून ओळख सांगण्यात आहे, तेव्हा तो नव्या नावावरही मुक्कामाला येईल. आई म्हणाली होती, "तुमचं बरोबरच असतं. त्याचा उपयोग काय, तेवढं सांगत जा."

त्या वर्षी पाच कंपन्या येऊन गेल्या होत्या. पाचही लेखी परीक्षांत बारकी उत्तीर्ण झाली आणि पाचही मुलाखतींत पहिल्या मिनिटात संपली. ही सहावी आणि वर्षातली शेवटची. मोजमापाची उपकरणे तपासून, त्यांची चूक किती ते ठरवून, त्यांना पुन्हा वळणावर आणणारी कंपनी. कामाची जागा एक बंद, स्थिर तापमानाची खोली. सोबतीला माणसे दोन-तीन, आणि तीही आपापल्या आकड्यांत बुडालेली. दिवसभर जवळजवळ काहीच बोलावे लागणार नाही, अशी ती नोकरी होती. इतक्या वर्षांत बारकीने एखादी गोष्ट हवी असे प्रथमच म्हटले होते. फक्त तिथे शिरण्यासाठी साठ सेकंद बोलावे लागणार होते.

तयारी दोन आठवडे चालली. प्लेसमेंटच्या मॅडमनी सगळ्या मुलांना एक नमुना वाटला होता: मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, मला सर्वांबरोबर मिळून काम करायला आवडते. बाबांनी तिन्ही विशेषणांपुढे समासात एकच शब्द लिहिला, पुरावा. तो नव्हता, म्हणून विशेषणे गेली. त्यांच्या जागी बाबांनी स्वतः एक वाक्य लिहिले: 'आमच्या प्रयोगशाळेतले चौदा पॉवर सप्लाय नादुरुस्त होते, त्यांपैकी अकरा मी दुरुस्त केले.' ते त्यांना फार आवडले. त्यात एकही विशेषण नव्हते.

"आणि उरलेले तीन?" असे चष्मिषने विचारले. ही बारकीची वर्गातली मैत्रीण. तिला दुसऱ्याच कंपनीत जानेवारीतच नोकरी लागली होती आणि तेव्हापासून ती सर्वांना सल्ले देत हिंडत होती.

"त्यांचे ट्रान्सफॉर्मर जळलेत," बारकी म्हणाली.

"मग ते नको सांगू. साठ सेकंदांत कुणी जळकं दाखवत नाही."

मॅडमचा एक मुद्दा मात्र बाबांनाही मान्य करावा लागला. नाव पहिल्या पाच सेकंदांत यायला हवे. एका टेबलावर असे तीनशे व्हिडिओ येतात, बघणारा पाच सेकंद बघतो आणि पुढचे बघायचे की नाही ते ठरवतो. आणि नाव ओळखपत्रावर असेल तेच. बारकी चालणार नाही.

तेव्हा संहिता नावाभोवती बांधावी लागली. थेट नावावर उडी घेतली की बारकी हमखास अडे. आधी पाच सोपे शब्द, मग श्वास हलकेच सोडत, न थांबता नाव, असे केले तर कधीकधी पार होई. म्हणून पहिले वाक्य ठरले: 'इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षात शिकणारी मी', आणि पुढे नाव. एरवी एका मिनिटात एकशे पाचच्या आसपास शब्द बसतात. बाबांनी पंचाण्णव ठेवले. चार सेकंद अडखळण्यासाठी, दोन शेवटी थांबण्यासाठी. मोबाइलवर चाळीस सराव झाले. त्यांची नोंद प्रयोगवहीत होती: प्रयत्नाचा क्रमांक, एकूण सेकंद, नावापाशी गेलेले सेकंद, शेरा. पहिल्या तिसांत नाव आठ वेळा सरळ आले, शेवटच्या दहांत सहा वेळा.

दहांत सहा. म्हणजे एका प्रयत्नात अडण्याची शक्यता दहांत चार. तीनही वेळा अडण्याची शक्यता सुमारे सहा टक्के. म्हणजे तीनपैकी एक तरी रेकॉर्डिंग चांगले निघण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. हे गणित बाबांनी वहीच्या मागच्या पानावर केले आणि कोणाला दाखवले नाही. ते आशावादी माणूस नव्हते. आकडा तसा आला होता, एवढेच.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता प्रॅक्टिकलची बॅच सुटली आणि प्रयोगशाळा रिकामी झाली. जागा तिथली घेण्याला कारण होते: उत्तरेकडे मोठी खिडकी, दिवसभर सारखा, बिनसावलीचा उजेड. बारकीला खिडकीकडे तोंड करून बसवले. चष्मिषने आधी उलटे बसवून पाहिले होते, खिडकी पाठीशी आली तेव्हा पडद्यावर चेहऱ्याच्या जागी एक काळी आकृती उरली.

"हे पाठवू या," चष्मिष म्हणाली. "नाव विचारायची कुणाची छाती होणार नाही."

लॅपटॉप टेबलावर ठेवला तर कॅमेरा खालून हनुवटी बघत होता. त्याखाली स्पेक्ट्रोमीटरची लाकडी पेटी आणि दोन जाड हस्तपुस्तके सरकवली, तेव्हा तो डोळ्यांच्या रेषेत आला. डोळे चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागावर, डोक्यावर दोन बोटे मोकळी जागा, खाली छातीपर्यंत. मागे फळा होता. त्यावर कोणीतरी अर्धवट सोडलेले समीकरण बाबांनी पुसले. ट्यूबलाइट बंद केल्या, कारण पडद्यावर त्यांचे फिकट पट्टे सरकताना दिसत होते. पंखा बंद केला, कारण माइकमध्ये त्याची घरघर येत होती. पंखा बंद झाल्यावर बारकीच्या कपाळावर घाम चमकू लागला, तो चष्मिषने रुमालाने टिपला. संहितेचा कागद कॅमेऱ्याच्या अगदी वर चिकटवला. तो बाजूला असता तर वाचणारे डोळे डावीकडून उजवीकडे जाताना दिसले असते. भिंगाशेजारी लाल टिकली लावली. बोलायचे ते तिच्याशी, पडद्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याशी नाही.

बाबा स्टॉपवॉच घेऊन लॅपटॉपच्या मागे उभे राहिले. पोर्टलचे घड्याळ होतेच, पण ते एकाच घड्याळावर विश्वास ठेवणारे नव्हते.

सुरुवात करण्याआधी त्यांनी चष्मिषला विचारले, की तिन्ही रेकॉर्डिंग राहतात ना. तिच्या कंपनीच्या पोर्टलवर राहिली होती. तिने तिन्ही पुन्हा पाहून त्यांतले दुसरे निवडले होते. "शेवटी निवडायला देतात काका. जे फायनल कराल ते जातं." बाबांनी मान हलवली. सूचनेतही तेच लिहिले होते: अंतिम. प्रयोगवहीत अंतिम उत्तर म्हणजे सगळी वाचने समोर ठेवून, विचार करून जे लिहायचे ते. एकतीस वर्षांत त्यांनी या शब्दाचा दुसरा अर्थ पाहिला नव्हता.

पहिल्या प्रयत्नात तीन, दोन, एक असे आकडे पडद्यावर येऊन गेले आणि बारकी आकड्यांकडे बघत राहिली. दोन सेकंद गेले. मग 'इलेक्ट्रॉनिक्सच्या' नीट आले, 'मी' नीट आले आणि नाव चार सेकंद अडले. पुढचे सगळे तिने धावत म्हटले, पॉवर सप्लायचे वाक्यही म्हटले आणि शेवटचा शब्द उच्चारायच्या आत साठावा सेकंद येऊन त्याने वाक्य कापले. पडद्यावर दोन बटणे आली: पुन्हा घ्या, जमा करा. बाबांनी वहीत नोंद केली. चार सेकंद, अपेक्षेच्या आत. चष्मिषने पुन्हा घाम टिपला आणि सांगितले, की आकडे सुरू झाले की श्वास घे, एकला सोडायला लाग. हा सल्ला खरोखरच चांगला होता.

बारकीने 'पुन्हा घ्या' दाबले.

दुसऱ्यांदा ती एकला श्वास सोडू लागली, त्याच श्वासावर पाच शब्द आले, आणि त्यांच्यामागोमाग तिचे नाव आले. ओढून आणलेले नाही. एखाद्याने विचारले आणि सांगितले, तसे. दुसऱ्या कोणाचे असावे तसे ते त्या खोलीत सहज पडले. चष्मिषने दोन्ही हात तोंडावर धरले. बारकीला स्वतःलाच ते ऐकू आले असावे, कारण तिच्या चेहऱ्यावर एक हसू आले, संहितेत नसलेले. आणि त्या हसण्यात ती एक वाक्य विसरून पुढे गेली. मला ही नोकरी का हवी आहे, हे तिने कागदाकडे न बघता सांगितले. आकडा खरा आहे की खोटा, हे शोधायला मला आवडते, असे सांगितले. एक्कावन्नाव्या सेकंदाला ती थांबली आणि उरलेले नऊ सेकंद लाल टिकलीकडे बघत बसली.

पुन्हा दोन बटणे आली.

"हेच देऊ या," बारकी म्हणाली. तिचा हात माउसवर होता.

बाबा वहीत लिहीत होते. नावापाशी शून्य सेकंद. एकूण एक्कावन्न. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, तिसरे वाक्य राहिले.

"चौदांपैकी अकरा राहिलं," ते म्हणाले.

"राहू दे ना काका," चष्मिष म्हणाली. "कुणाला कळतंय."

"पुरावा तेवढाच होता त्यात. आणि शेवटी नऊ सेकंद नुसती बघतेय ती. अजून एक वाचन आहे, घेऊ या. दोन्ही समोर ठेवू, बरं असेल ते देऊ."

"बाबा, नाव आलंय."

आणि तिथे बाबांनी, वहीतून मान वर न करता, कोणताही वाईट हेतू मनात नसताना, निव्वळ वस्तुस्थिती म्हणून सांगितले:

"नाव सगळ्यांनाच येतं, बाळा. अकरा सप्लाय सगळ्यांना येत नाहीत."

ते चूक नव्हते. बघणाऱ्याला तीनशे नावे ऐकू येणार होती. परंतु बारकीचा चेहरा त्या वाक्याने जसा बदलला, तो त्यांनी पाहिला नाही; चष्मिषने पाहिला, आणि चष्मा काढून ओढणीला पुसत बसली. बारकीने बटणाकडे काही क्षण पाहिले. वडिलांचे गणित तिला ठाऊक नव्हते, पण मोजमापाच्या बाबतीत त्यांचे चुकत नाही, हे ती लहानपणापासून धरून चालली होती. तिने 'पुन्हा घ्या' दाबले.

तीन. दोन. एक.

'इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षात शिकणारी मी' एवढे आले. मग मान ताठ झाली. डोळे मिटले. बाबांच्या हातातले स्टॉपवॉच टिकटिकत नव्हते, ते आकड्यांचे होते. चार सेकंद. सात. नवव्या सेकंदाला ओठ हलले आणि पहिल्या अक्षराचा एक तुकडा बाहेर आला, मग तोच तुकडा पुन्हा, मग पुन्हा. चौदाव्या सेकंदाला नाव पूर्ण झाले. त्यानंतर तिने चौदा पॉवर सप्लायचे वाक्य एकही चूक न करता म्हटले. अगदी स्पष्ट, आकड्यांवर जोर देऊन. बाकीचे कुठेतरी कापले गेले.

दोन बटणे आली नाहीत. पडद्यावर एक हिरवी खूण आली आणि खाली ओळ: आपले अंतिम रेकॉर्डिंग जमा झाले आहे. वेळ तीन वाजून बारा मिनिटे. ओळीखाली एक छोटे चित्र होते, रेकॉर्डिंगमधले कुठले तरी एक दृश्य यंत्राने आपसूक निवडलेले. त्यात बारकीचे डोळे मिटलेले होते.

"मागे जा," बाबा म्हणाले. "आधीची दोन उघड."

चष्मिषने सगळीकडे दाबून पाहिले. आधीची दोन नव्हतीच. 'पुन्हा घ्या' म्हटल्याबरोबर मागचे पुसले जात होते. या पोर्टलवर अंतिम म्हणजे शेवटचे.

बाबांना पहिल्यांदा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रयोगवहीत वाचन खोडायचे झाले तर त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खरवडायचे नाही, शाई ओतायची नाही. हे त्यांनी एकतीस वर्षे प्रत्येक बॅचच्या मुलांना शिकवले होते. आधीचे वाचन नाहीसे होऊ शकते, ही शक्यता त्यांच्या गणितात धरलेलीच नव्हती. गणित बरोबर होते. ते तीनपैकी सर्वांत चांगल्याचे होते. इथे प्रश्न शेवटच्याचा होता, आणि त्याचे उत्तर फार सोपे होते: एकदा नीट आले की थांबायचे. ते बारकीने गणित न करता सांगितले होते.

पाचला अजून पावणेदोन तास होते. तिघेही प्लेसमेंटच्या कार्यालयात गेले. मॅडमनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, कंपनीला मेल केला, दहा सेकंदांत यंत्राचे उत्तर आले, की या पत्त्यावर आलेले मेल वाचले जात नाहीत. त्यांनी फोनही लावला. पलीकडच्या माणसाने सांगितले, की पोर्टल तिसऱ्याच कोणाकडून भाड्याने घेतलेले आहे, त्यात त्यांना काही करता येत नाही. मोबाइलवर सरावाचे रेकॉर्डिंग आहे, ते चालेल का, असे बाबांनी विचारायला लावले. चालणार नव्हते. सूचना तिसरी, तिच्याखाली त्यांनीच रेघ मारली होती.

"बोलण्याचं वगैरे मी आधी कळवू शकले असते," मॅडम बारकीला म्हणाल्या. "तू कधी सांगितलं नाहीस."

बारकीने नुसती मान हलवली. त्याचे उत्तर लांब होते.

यादी नऊ दिवसांनी लागली. तिच्यात सतरा नावे होती, तिचे नव्हते. त्याच दुपारी तिला मेल आला. त्यात तिचे नाव पूर्ण, बिनचूक, सुरुवातीलाच होते, आणि पुढे आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार होते.

संध्याकाळी चारला ती प्रयोगशाळेत आली. बाबा स्पेक्ट्रोमीटरची भिंगे पुसून पेटीत ठेवत होते. तिने मेलचे सांगितले नाही. त्यांना यादी माहीत होती आणि तिला ते ठाऊक होते. ती टेबलाशी बसली, प्रयोगवही ओढून घेतली आणि शेवटचे पान काढले. तीन ओळी. नावापाशी चार, शून्य, चौदा.

"बाबा," ती म्हणाली, "हे मधलं खरं होतं का? की आपलं योगायोगानं आलं?"

हा प्रश्न त्यांना हजारदा विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर ठरलेले होते: एका वाचनावरून सांगता येत नाही, पुन्हा घेऊन बघ. ते उत्तर बरोबर होते. अजूनही बरोबर होते. त्यांनी पेटीचे झाकण लावले, कडी घातली, फडक्याची घडी केली.

"खरं होतं," ते म्हणाले.

बारकीने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पुराव्याशिवाय काही सांगितल्याचे तिला आठवत नव्हते. आणि आज ते सांगत होते ते मोजमाप नसून मन राखणे होते, हे समजायला ती पुरेशी त्यांचीच मुलगी होती. ती रागावली नाही. तिने टेबलावरची पट्टी घेतली, पेन घेतले आणि मधल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, शिकवल्याप्रमाणे, खालचे शून्य वाचता येईल अशी. मग वही मिटून कपाटात जागेवर ठेवली.

"पंखा बंद करू का?" तिने निघताना विचारले.

"कर," बाबा म्हणाले.